कॅन्सर नाही, पण चट्टा सोडून देऊ नका: बायोप्सीच्या रिपोर्टबद्दल एका पेशंटला पत्र

"डॉक्टर, गालातल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही असं लिहिलंय पण खाली माइल्ड डिस्प्लेजिया आणि फॉलोअप असंही आहे. कॅन्सर नाही तर सारखं सारखं कशाला यायचं? आणि चट्टा एवढासाच आहे तर आत्ताच कापून का टाकत नाही? घरचे घाबरलेत. फोनवर सांगितलेलं डोक्यात राहत नाही, जरा सविस्तर लिहून द्या."

दादा,

पहिलं वाक्य घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा: तपासलेल्या तुकड्यात कॅन्सर सापडलेला नाही. मोठं ऑपरेशन, शेक, किमो यातलं काहीही आत्ता लागत नाहीये. हे कुणाला लागणारं दुखणं नाही, त्यामुळे तुमचं ताट-तांब्या वेगळा काढायची गरज नाही, ड्युटी पण चालू ठेवा. पण त्या चट्ट्यातल्या पेशी पूर्ण नॉर्मल पण नाहीयेत, आणि त्या पुढे कुठल्या बाजूला जातील हे आजच्या घडीला कुठलीही टेस्ट खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून बोलावतोय.

आता रिपोर्टमध्ये नेमकं काय आहे ते सांगतो. तुमच्या डाव्या गालाच्या आत, खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत, म्हणजे बरोबर जिथे तुम्ही तंबाखूचा बार धरता तिथे, साधारण 18 मिलिमीटर लांब आणि 10 मिलिमीटर रुंद पांढरा चट्टा आहे. गॉजने पुसला तरी जात नाही, असाच चट्टा देणारा दुसरा काही आजार नाही ना हेही बघितलं, म्हणून आम्ही त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतो. मी त्यातला अंदाजे 5 मिलिमीटरचा तुकडा काढला, आणि तो कुठूनही नाही काढला, चट्ट्याचा मागचा भाग जिथे बोटाला जाड आणि खरखरीत लागत होता तिथून काढला, कारण काही भानगड असेल तर ती तिथे सापडण्याची शक्यता जास्त. तो तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकून लॅबला गेला, तिथे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याचे अगदी पातळ काप केले, रंग दिला आणि पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघितले.

आपल्या गालाच्या आतली कातडी एकावर एक पेशींच्या थरांची असते. नवीन पेशी सगळ्यात खालच्या थरात तयार होतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी झडून जातात. हे सगळं ज्या पातळ पडद्यावर उभं असतं त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. तुमच्या तुकड्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे वरचा थर जाड झालाय, रोजचा चुना आणि तंबाखू लागून लागून गालाने घट्टा धरलाय, पांढरा दिसतो तो त्यामुळेच. दुसरी गोष्ट महत्त्वाची, खालच्या थरातल्या पेशी बिघडल्यात, रिपोर्टमधला डिस्प्लेजिया म्हणजे हाच बिघाड. त्यांची केंद्रकं मोठी आणि गडद झालीत, सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात तर लहानमोठ्या दिसतायत, दाटीवाटीने बसल्यात. हा बिघाड जाडीच्या खालच्या एक तृतीयांश भागापुरताच असला तर माइल्ड लिहितात, मधल्या भागापर्यंत चढला तर मॉडरेट आणि त्याच्याही वर गेला तर सिव्हिअर. तुमचा खालच्या भागातच आहे. आणि पडदा शाबूत आहे. शेताचा बांध असतो ना तसा तो पडदा समजा, पेशी कितीही बिघडलेल्या असल्या तरी बांधाच्या आत आहेत तोवर त्याला कॅन्सर म्हणत नाहीत, बांध फोडून खालच्या मांसात उतरल्या की मगच म्हणतात. तुमच्यात बांध कुठेही फुटलेला दिसला नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन पण केला होता, कारण माइल्ड आणि मॉडरेट यांच्यात दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टचंही कधी कधी एकमत होत नाही, हे डोळ्याने ठरवायचं काम आहे, पट्टीने मोजायचं नाही. त्या म्हणाल्या सगळ्या कापांत बिघाड खालीच आहे, मॉडरेट म्हणावं असं एकही ठिकाण नाही. तरी तुम्हाला दुसरीकडे दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा, मला वाईट वाटणार नाही. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, परत तुकडा काढायची गरज पडत नाही, दुसरे पॅथॉलॉजिस्ट त्याच स्लाइड बघून मत देतात. रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर कुठेतरी लिहून ठेवा, पाच वर्षांनी पण लागू शकतो.

आता रिपोर्टमधली ती ओळ बघा जी लोक वाचतच नाहीत. तिथे कॅन्सर नाही एवढंच लिहिलेलं नाहीये, तपासलेल्या कापांमध्ये नाही असं लिहिलंय. 18 मिलिमीटरच्या चट्ट्यातला 5 मिलिमीटरचा तुकडा बघितला गेलाय. मी सगळ्यात वाईट दिसणारी जागा निवडली हे खरं, पण डोळ्याला वाईट दिसणारी जागा आणि मायक्रोस्कोपखाली वाईट असणारी जागा दर वेळी एकच असते असं नाही. असे चट्टे नंतर पूर्ण काढून तपासले की काही जणांमध्ये पहिल्या तुकड्यापेक्षा जास्त बिघाड निघतो, क्वचित छोटा कॅन्सरही निघतो. तुमच्या बाबतीत ती शक्यता कमी वाटते कारण चट्टा सगळीकडे सारखाच पांढरा आहे, मधे लाल ठिपके नाहीत, गाठ नाही, दाबून बघितलं तर खाली कडक लागत नाही, आणि आकार पण 200 चौरस मिलिमीटरच्या आत आहे, त्याच्या वर गेला की आम्ही जास्त धास्ती घेतो. जागाही त्यातल्या त्यात बरी. हाच चट्टा जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असता तर मी हे पत्र लिहीत न बसता तुम्हाला याच आठवड्यात काढायला बोलावलं असतं.

घरच्यांचा पुढचा प्रश्न असणार की मग कॅन्सर होणार का. अशा पेशंटचे बरेच अभ्यास एकत्र करून 2009 मध्ये एक हिशोब मांडला गेला होता. त्यात माइल्ड आणि मॉडरेट मिळून शंभरातल्या साधारण 10 जणांना पुढे कॅन्सर झाला, सिव्हिअरवाल्यांत साधारण 24 जणांना. आणि तो लगेच नाही, सरासरी चारेक वर्षांनी, काहींना त्याच्याही बऱ्याच नंतर. म्हणजे तुमच्यासारख्या शंभरातल्या नव्वद जणांना झाला नाही. पण कोण त्या दहात आणि कोण नव्वदीत हे आज मला तुमच्याकडे बघून सांगता येत नाही, आणि हे आकडे हॉस्पिटलमध्ये आलेल्या वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचे आहेत, काहींनी तंबाखू सोडला काहींनी नाही, त्यामुळे ते तुमच्या कपाळावर चिकटवू नका. अंदाज यावा म्हणून सांगितले.

मग कापून का टाकत नाही. त्याच हिशोबात असंही दिसलं की चट्टा काढून टाकलेल्यांमध्ये कॅन्सरचं प्रमाण कमी होतं, न काढलेल्यांत शंभरात 15 च्या आसपास तर काढलेल्यांत 5 च्या आसपास. शून्य नाही झालं. कारण तंबाखूचा रस काय फक्त त्या खोबणीत बसून राहत नाही, तो अख्ख्या तोंडात फिरतो, त्यामुळे वरून गुलाबी दिसणाऱ्या बाजूच्या जागेतही बिघाडाची सुरुवात झालेली असू शकते. चट्टा कापला आणि बार चालूच राहिला तर तिथेच किंवा शेजारी परत येतो, असे पेशंट नेहमी येतात, कापून आले म्हणून निर्धास्त झालेले असतात आणि बार फक्त डावीकडून उजवीकडे गेलेला असतो.

तुमच्या बाबतीत मी आधी तीन महिने यासाठी घेतोय की तंबाखूमुळे आलेले, सगळीकडे सारखे पांढरे असलेले चट्टे तंबाखू पूर्ण थांबवल्यावर कमी होतात, बरेचसे जातातही. हे आपल्या इथेच नीट बघितलं गेलंय, मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या टीमने केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात वर्षानुवर्षं गावोगाव फिरून लोकांची तोंडं तपासली होती, आणि ज्यांनी सवय सोडली त्यांच्यात हे चट्टे कमी झाले, नवीन येण्याचं प्रमाणही घटलं. म्हणून हे तीन महिने नुसती वाट बघणं नाहीये, ही एक तपासणीच आहे. तंबाखू बंद करून चट्टा विरत गेला तर त्यातून मला कळेल की हा मुख्यतः घासण्याचा आणि जळजळीचा परिणाम होता. तंबाखू खरोखर बंद आहे आणि तरीही चट्टा तेवढाच आहे, तर तो स्वतःच्या जोरावर टिकून आहे, मग मी तो पूर्ण काढणार, आणि सगळा तपासायला पाठवणार. त्याला भूल देऊन अर्धा-पाऊण तास लागतो, त्याच दिवशी घरी. म्हणजे कापायचं मी टाळत नाहीये, ते तिसऱ्या महिन्यात ठरवू.

यात एकच गोष्ट सगळा हिशोब बिघडवते, ती म्हणजे तुम्ही मला खोटं सांगणं. तंबाखू सोडला म्हणून सांगाल आणि नाईटला दोन बार होत असतील तर मी चट्टा टिकलाय असं समजून उगाच ऑपरेशन करेन. जमलं नाही तर जमलं नाही म्हणून सांगा, मी ओरडणार नाही.

सोडण्याचं गणित असं. तुम्ही म्हणालात उठल्यावर चहाच्या आधी पहिला बार लागतो आणि दिवसाला दोन पुड्या संपतात. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर शरीराची ओढ मोठी समजायची, म्हणून मी निकोटीनची 4 मिलिग्रॅमची गोळी लिहून दिलीये, 2 ची नाही. ती च्युइंगगमसारखी असते पण च्युइंगगमसारखी चघळायची नाही, इथेच बहुतेकांचं चुकतं, भराभर चावतात, सगळं निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि मग म्हणतात मला सूट होत नाही. हळूहळू चावा, झिणझिणी किंवा तिखटपणा जाणवला की थांबा आणि गालात दाबून ठेवा, उजव्या गालात, चट्ट्याच्या बाजूला नाही. झिणझिणी गेली की परत थोडी चावा. एक गोळी अर्धा तास चालवा. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे जागं असताना दर एक-दोन तासांनी एक, 24 तासांत 24 च्या वर कधीच नाही, मग हळूहळू कमी करत बारा आठवड्यांत बंद.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आत्ताच सांगून ठेवतो. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, पोट साफ होणार नाही, कामात लक्ष लागणार नाही. तुमच्या हातात गाडी असते, मागे पन्नास माणसं बसलेली असतात, म्हणून सोडायचा दिवस ड्युटीच्या मधे धरू नका. दोन-तीन दिवस रजा टाका, वीकली ऑफला जोडून घ्या, आणि त्या दिवशी सकाळी घरातली, डब्यातली, ड्रायव्हर सीटच्या बाजूच्या खणातली सगळी पुडी आणि चुन्याची डबी बाहेर. पुडीवर जो 1800-11-2356 नंबर छापलेला असतो तो सरकारचा फुकट नंबर आहे, तिथे बोलायला माणूस असतो, मराठीतही बोलतात, नाईटला जाण्याआधी तलफ आली की लावून बघा.

आणि बदल्यात सुपारी नको. तंबाखू सोडून सुगंधी सुपारी सुरू करणारे इतके आहेत की हे वेगळं लिहावं लागतं. नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, तीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलंय. शिवाय सुपारीने गाल आतून ताठ होत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. तुमचं तोंड आज 42 मिलिमीटर उघडतं, चांगलं आहे, दर वेळी मोजणार आहे. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, लवंग चालेल.

डाव्या बाजूची खालची दाढ तुटून तिची कड धारदार झालीये, ती चट्ट्याच्या मागच्या टोकाला घासते. ती दाताच्या डॉक्टरांकडून याच आठवड्यात घासून घ्या नाहीतर तीन महिन्यांनी चट्टा राहिला तर तंबाखूने राहिला की दाढेने राहिला हे मला कळणार नाही. त्यांना हा रिपोर्ट दाखवा.

मेडिकलवाल्याने दिलेल्या लायकोपिनच्या कॅप्सूल, व्हिटॅमिनच्या गोळ्या याबद्दल विचारलं होतंत. काही गोळ्यांनी चट्टा काही काळ फिका होतो, पण बंद केल्या की बऱ्याचदा परत येतो, आणि त्यांनी कॅन्सर टळतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. फिका पडल्यावर माणूस यायचं बंद करतो हा त्यातला खरा तोटा. ते पैसे निकोटीनच्या गोळ्यांना लावा. आणि तुमच्या मित्राला, तो बिडी ओढतो ना, त्याला तुमच्याकडच्या बीटा कॅरोटिनच्या गोळ्या देऊ नका. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना त्या देऊन बघितल्या होत्या, 1994 मध्ये निकाल आला, फुफ्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता.

यायचं कधी ते असं. सहा आठवड्यांनी एकदा, पाच मिनिटांचं काम, दाढ घासलीये का आणि तंबाखूचं काय चाललंय ते बघतो. मग तीन महिन्यांनी नीट तपासणी, पट्टी लावून फोटो काढला होता ना तसाच त्याच अँगलने परत काढायचा आणि शेजारी ठेवून बघायचं, नुसत्या आठवणीवर चट्टा वाढला की कमी झाला हे मलाही सांगता येत नाही. तिथे काढायचं की नाही ठरेल. त्यानंतर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी, सगळं ठीक असेल तर दर सहा महिन्यांनी, आणि हे चट्टा गेला तरी चालू, काढला तरी चालू. किती वर्षं असं विचाराल तर मी थांबा म्हणणार नाही. प्रत्येक वेळी तुकडा काढत नाही, घाबरू नका. चट्ट्याचं रूप बदललं तरच परत काढायचा.

मधल्या काळात महिन्यातून दोनदा तुम्ही स्वतः बघायचं. मोबाईलचा टॉर्च, आरसा, हात धुतलेले. ओठ उलटून, दोन्ही गाल बोटाने ओढून खोबणीपर्यंत, हिरड्या, मग जीभ स्वच्छ रुमालात धरून एका बाजूला ओढायची आणि कड शेवटपर्यंत बघायची, दुसरी कड, जीभ टाळूला लावून खालची जागा, आणि शेवटी गळ्यावर दोन्ही बाजूंनी बोटं फिरवून गाठ लागते का. आत्ता तुकडा काढलेल्या जागी जखम दिसेल, टाके आपोआप विरतात, साधारण दोन आठवड्यांत भरते, तेवढ्या दिवसांत तिथे बघून घाबरू नका. पण दोन आठवड्यांनंतरही ती भरली नाही, किंवा तोंडात कुठेही झालेला छाला दोन आठवड्यांत गेला नाही, पांढऱ्यात लाल भाग दिसायला लागला, बोटाला कडक लागलं, चामखिळीसारखं वर आलं, रक्त आलं, जिभेला-ओठाला बधिरपणा आला, त्या बाजूचा कान दुखायला लागला, दात विनाकारण हलायला लागला किंवा मानेत गाठ लागली, तर तारखेची वाट बघायची नाही, फोन न करता सरळ यायचं, बाहेर सांगायचं की डॉक्टरांनी कधीही या म्हणून सांगितलंय. दुखण्याची वाट तर अजिबात बघायची नाही. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून उशिरा आलेले लोक मी रोज बघतो, त्यांच्यातल्या कित्येकांना आधी असाच पांढरा चट्टा होता आणि तो कुणीच दाखवला नव्हता. तुम्ही दाखवलात, त्यामुळे आपल्या हातात वेळ आहे.

वहिनींचं एक राहिलं. त्या रिपोर्ट घ्यायला आल्या तेव्हा दातांवर काळपट रेघ दिसली, मी विचारलं तर म्हणाल्या मिश्री लावते, सकाळी आणि दुपारी. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, भाजल्याने तो निरुपद्रवी होत नाही. तुमच्याबरोबर त्यांचं तोंड पण बघायचंय, वेगळी फी नाही. आणि खरं सांगायचं तर एकाच घरात एकाने तंबाखू सोडायचा आणि दुसऱ्याची मिश्रीची डबी मोरीच्या फळीवर तशीच ठेवायची, हे फार दिवस टिकत नाही, दोघांनी एकाच दिवशी सोडा. फक्त निकोटीनच्या गोळ्या तुमच्यातल्या त्यांना देऊ नका, त्यांना बीपीचा त्रास आहे, आधी तपासतो मग त्यांची वेगळी लिहून देतो.

पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लागला की फोटो पाठवा, सहा आठवड्यांची तारीख तुमच्या ऑफला बसवून देतो, नाईट करून सकाळी थेट येऊ नका.